इन्व्हेस्टरांना सप्टेंबरचा अपडेट पाठवायचाय, मोठा ग्राहक गेलाय, कसं लिहू?

भोसरी_ते_बाणेर
नमस्कार मंडळी. इथे बरेच जण धंदेवाले आणि काही जण पैसे लावणारे पण आहेत म्हणून विचारतोय. आमचं छोटं सॉफ्टवेअर आहे, जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपसाठी. म्हणजे भोसरी, चाकण, पिरंगुट भागात जे सीएनसीवाले आहेत त्यांचा माल चलनावर प्लेटिंगला जातो, हीट ट्रीटमेंटला जातो, परत येतो, अर्धा येत नाही, आणि वर्षभरात परत नाही आला तर जीएसटीवाले तो विकलाच असं धरतात. कुठल्या चलनाचे किती पीस कोणाकडे पडून आहेत ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. गेल्या वर्षी अकरा जणांनी पैसे लावले, बहुतेक हिंजवडीतून रिटायर झालेले लोक, एक माझे जुने साहेब आणि एक सख्खी मावशी. दर महिन्याला त्यांना अपडेट पाठवतो.

सप्टेंबर वाईट गेला. सगळ्यात मोठा ग्राहक गेला. नऊ युनिटचा ग्रुप, महिन्याला ७२ हजार. त्यांच्या वरच्या कंपनीने स्वतःची ईआरपी, म्हणजे सगळ्या कामाची एकच सिस्टिम, आणली. मी असं लिहिलंय, एमआरआर म्हणजे दर महिन्याची ठरलेली बिलं आणि रनवे म्हणजे बँकेतले पैसे किती महिने पुरतील ते, जरा बघा:

"सप्टेंबरमध्ये ३ नवे ग्राहक जोडले, ३ गेले, एकूण ४६ कायम. ग्राहक गळती ६.५ टक्के. एमआरआर ३.२० लाखांवरून २.५५ लाख, मुख्यतः एका ग्रुपच्या धोरणात्मक निर्णयामुळे. बँकेत ४१ लाख, महिन्याचा निव्वळ खर्च ५.४ लाख, रनवे साडेसात महिने. पुढच्या महिन्यात विक्रीवर भर. मदत हवी: ऑटो कंपोनंट क्षेत्रात ओळखी असतील तर कळवा."

डिसेंबरमध्ये याच लोकांकडून थोडे अजून पैसे मागायचेत, त्यामुळे सूर कसा ठेवावा कळत नाहीये. फार रडगाणं नको आणि लपवल्यासारखं पण नको.

मिसळप्रेमी
"धोरणात्मक निर्णयामुळे" वाचून आमच्या कंपनीच्या एचआरची आठवण आली. काढून टाका ते.

सुनीता_वाचते
माझ्या म्युच्युअल फंडाचं पण दर महिन्याला स्टेटमेंट येतं, मी कधीच उघडत नाही. एवढं का टेन्शन घेताय, कोण वाचतंय? आणि हे पैसे लावायचे असतील तर कमीत कमी किती लागतात? एसआयपी चालते का?

भोसरी_ते_बाणेर
@सुनीताताई, एसआयपी नाही हो :) ही खाजगी कंपनी आहे, शेअर बाजारात नाही. आणि लोक वाचतात. मावशी तर प्रिंट काढून वाचते.

निवृत्त_पण_जागा
मी यातला पैसे लावणारा. पाच ठिकाणी लावलेत, दोन बुडाले, बाकीचे तरंगतायत. मी अपडेट कसा वाचतो ते सांगतो. आधी बँकेतली शिल्लक, मग किती महिने पुरेल, मग शेवटची मदतीची ओळ. मधलं सगळं नंतर, चहा झाल्यावर. आणि अपडेट उशिरा आला किंवा आलाच नाही की समजायचं काहीतरी शिजतंय. जे दोन बुडाले त्यांचे अपडेट आधी लांब झाले, मग रंगीत झाले, मग बंद झाले.

तुमच्या मसुद्यात एक गोष्ट मला लगेच खटकली. ग्राहक गळती ६.५ टक्के म्हणताय, ते ४६ मधले ३ म्हणून. पण ३.२० लाखातले ८० हजार गेलेत ना, ७२ मोठा आणि बाकी दोघांचे मिळून ८? म्हणजे पैशात पाव भाग गेला. ६.५ वाचून मला वाटलं असतं बरं चाललंय, आणि पुढच्याच ओळीत एमआरआर एवढा पडलेला बघून वाटलं असतं हा मला येडा समजतो का.

अनघा_क
+१. आणि ४६ ग्राहकांवर टक्के कसले काढता, नावं लिहा. कोण गेलं, का गेलं, एकेक ओळ. एवढे कमी असताना टक्केवारीने काहीच कळत नाही, पुढच्या महिन्यात एक जण गेला की आकडा खाली येणार आणि तुम्ही "सुधारणा" लिहिणार.

खडकवासला
नावं लिहू नका!! माझ्या भावाच्या बाबतीत झालंय. अपडेट एका इन्व्हेस्टरने "बघ रे हे पोरं काय करतायत" म्हणून मित्राला फॉरवर्ड केला, मित्र निघाला स्पर्धकाचा सल्लागार. महिन्याभरात दोन ग्राहकांना फोन गेले. तेव्हापासून भाऊ "ग्राहक अ, ग्राहक ब" लिहितो.

अनघा_क
@खडकवासला, हे पटलं. मग "९ युनिटचा चाकणचा ग्रुप" एवढं चालेल. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल, पण सर्च करून सापडणार नाही.

चाकणचा_पाहुणा
रनवे चुकलाय तुमचा. ७२ हजार गेले म्हणजे पुढच्या महिन्यापासून आवक ७२ ने कमी होणार, निव्वळ खर्च ५.४ वरून ६.१२ वर जाणार. ४१ भागिले ६.१२, म्हणजे पावणेसात महिने पण नाहीत. साडेसात लिहिलंत तर जानेवारीत तोंडघशी पडाल. आम्ही कॉलेजमधल्या स्टार्टअप सेलमध्ये हेच शिकवतो, रनवे नेहमी पुढचा बघून काढायचा, मागचा बघून नाही.

भोसरी_ते_बाणेर
@चाकणचा_पाहुणा, नाही, ते तसं होणार नाही. सप्टेंबरची आवक २.४० लाख होती, त्यात या ग्रुपचे पैसे नव्हतेच. त्यांचं पेमेंट थोडं मागे आहे.

सीए_सदाशिव
थोडं म्हणजे किती?

भोसरी_ते_बाणेर
सहा बिलं. एप्रिलपासून. पण पीओ आहे, ९ युनिटची ऑर्डर आहे, बिलं बरोबर गेलीत, फक्त त्यांची अकाउंट्सची सिस्टिम स्लो आहे.

मिसळप्रेमी
पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सीए_सदाशिव
थांबा. ग्राहक कधी लागला? एप्रिलमध्येच ना? मग पहिल्या बिलापासून एकही पैसा आलेला नाही. ७२ हजार अधिक १८ टक्के म्हणजे ८४,९६०, गुणिले सहा, ५ लाख ९ हजार ७६०. ही तुमची थकबाकी. आणि तुमच्या मसुद्यात ती कुठेच नाही.

आता गंमत बघा. चाकणचा पाहुणा म्हणतात ते सर्वसाधारणपणे बरोबर आहे, रनवे पुढचा बघूनच काढायचा. पण इथे जो ग्राहक गेला तो पैसेच देत नव्हता, त्यामुळे तो गेल्याने बँकेतली आवक एक रुपयाने कमी होत नाही. उलट प्रत्येक बिलावर १२,९६० रुपये जीएसटी तुम्ही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरत होता, कारण जीएसटी बिल काढलं की लागतो, पैसे आल्यावर नाही. ते आता थांबेल. तुमची तब्येत कागदावर बिघडली, बँकेत किंचित सुधारली.

रनवेमधली खरी दुरुस्ती वेगळीच आहे. ४१ लाखांत तुमचे नसलेले किती आहेत? गोळा केलेला जीएसटी, पगारावरचा टीडीएस, पीएफ. ३० तारखेची शिल्लक नेहमी फुगलेली असते, ७ तारखेला आणि २० तारखेला खाली येते.

भोसरी_ते_बाणेर
बघून सांगतो. ... सगळं मिळून १ लाख ६० हजार निघतात.

सीए_सदाशिव
मग ३९.४ भागिले ५.४, सव्वासात. साडेसात लिहिलं होतंत, फार लांब नाही. रनवेचा प्रश्न नाहीये तुमचा.

निवृत्त_पण_जागा
प्रश्न एमआरआरचा आहे. मार्चमध्ये किती होता हो?

भोसरी_ते_बाणेर
मार्च २.४४. एप्रिलमध्ये हा ग्रुप लागला आणि ३.१६ झाला. त्या महिन्याचा अपडेट सगळ्यांनी उचलून धरला होता, तीस टक्के उडी म्हणून. मावशीने पेढे दिले.

निवृत्त_पण_जागा
म्हणजे पैसे न देणारा माणूस बाजूला काढला तर मार्चमध्ये २.४४, ऑगस्टअखेर २.४८, आणि सप्टेंबरमध्ये २.५५. साडेपाच-सहा महिन्यांत ११ हजार. तुम्ही लिहिताय की सप्टेंबरमध्ये धंदा पडला. सप्टेंबरमध्ये काहीच पडलं नाही, उलट ७ हजारांनी वाढलाय. धंदा एप्रिलपासून जागच्या जागी उभा आहे आणि ती गोष्ट एका न भरलेल्या बिलाने झाकली गेली. मला इन्व्हेस्टर म्हणून हे कळायला हवं. मोठा ग्राहक गेला ही बातमी दुय्यम आहे.

चाकणचा_पाहुणा
ओके, माझा आकडा चुकला, मला थकबाकी माहीत नव्हती. पण मग प्रश्न असा की त्याला एमआरआरमध्ये धरायचंच नाही का? ऑर्डर आहे, बिल आहे.

सीए_सदाशिव
पुस्तकात धरायचं. बिल काढलंय, सेवा दिलीय, तर उत्पन्न आहे, टॅक्स पण त्यावरच. वसुलीची शंका असेल तर वर्षाअखेर बुडीत-संशयास्पद म्हणून तरतूद करायची. पण एमआरआर हा काही आमच्या पुस्तकातला शब्द नाही, त्याचं ऑडिट कोणी करत नाही, ज्याने त्याने आपापली व्याख्या ठेवायची आणि तीच ठेवायची. म्हणून त्याच्या शेजारी एक आकडा लागतो, या महिन्यात ग्राहकांकडून प्रत्यक्ष किती जमा झाले. एप्रिलपासून या दोन आकड्यांत दर महिन्याला ७० हजारांच्या आसपास फरक दिसला असता, आणि तुमच्या अकरा जणांपैकी एकाने तरी मे महिन्यातच विचारलं असतं, हे काय?

अनघा_क
माझा एक प्रश्न. त्या नऊ युनिटपैकी लॉगिन किती करत होती?

भोसरी_ते_बाणेर
दोन. पिरंगुटचं आणि चाकणचं एक. बाकी सात ठिकाणी आमचा मुलगा जाऊन ट्रेनिंग देऊन आला, स्टोअरच्या माणसाने एकदा उघडलं, मग परत आपलं डुप्लिकेट चलनबुक.

अनघा_क
मग पैसे का अडकले ते पण कळलं. मी एका मोठ्या कंपनीत परचेसला होते. पीओ असला तरी बिल पास व्हायला युजर डिपार्टमेंटने सिस्टिममध्ये सर्व्हिस मिळाल्याची एंट्री मारावी लागते. ती नसेल तर बिल अकाउंट्सच्या रांगेत जातच नाही. तुम्ही अकाउंट्सला फोन करत बसता, ते म्हणतात "प्रोसेसमध्ये आहे", खरं तर त्यांच्या स्क्रीनवर तुमचं बिल नसतंच. सात युनिट वापरतच नव्हती, तर एंट्री कोण मारणार? विचारा एकदा, सर्व्हिस एंट्री झालीय का, आणि किती युनिटची. अकाउंट्सला नको, प्लांटच्या स्टोअर इनचार्जला.

भोसरी_ते_बाणेर
उद्या विचारतो. खरंच कधी विचारलं नाही हे.

खडकवासला
उद्या गुरुवार आहे, भोसरीत सुट्टी :)

भोसरी_ते_बाणेर
चाकण चालू असतं. :)

ढोकळा_नको_वडा_हवा
मी वेगळं बोलू का. माझं सिंहगड रोडला क्लाउड किचन होतं, मेव्हण्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी पैसे घातलेले. मी पण दर महिन्याला प्रामाणिकपणे सगळं लिहायचो, डिलिव्हरी ॲपचं कमिशन किती गेलं, गॅस किती, सगळं. काय झालं? तिसऱ्या वाईट महिन्यात एक मित्र घाबरला, त्याने बाकीच्यांना फोन लावले, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं आता नवीन पैसे नाहीत. मी नीट लपवलं असतं तर दिवाळीचा सीझन मिळाला असता. त्यामुळे हे सगळे साधुसंत सांगतायत ते ऐका पण डिसेंबरचे पैसे हातात येऊ द्या आणि मग सांगा.

निवृत्त_पण_जागा
@ढोकळा, तुमचं दुःख कळलं, पण इथे फरक आहे. हे त्याच लोकांकडे डिसेंबरमध्ये पैसे मागणार आहेत. आकडा माहीत असून न सांगता त्यांच्याकडून चेक घेतला आणि जानेवारीत बाहेर आलं, तर मग ते प्रकरण अपडेटच्या सुराचं राहत नाही, वकिलाचं होतं. शिवाय पैसे देण्याआधी कोणीतरी एक जण बँक स्टेटमेंट मागेलच. मी मागतो.

ढोकळा_नको_वडा_हवा
मेव्हण्याने कधी मागितलं नाही. पण ठीक आहे, मुद्दा लक्षात आला. तरी म्हणतो, सगळं एकाच मेलमध्ये ओतू नका. जे तीन जण मोठे आहेत त्यांना आधी फोन करा.

निवृत्त_पण_जागा
हे मात्र शंभर टक्के. वाईट बातमी मेलमध्ये पहिल्यांदा वाचायला मला आवडत नाही. आधी दहा मिनिटं फोन, मग मेल. आणि फोनवर सांगितलंत तेच मेलमध्ये असू द्या.

सीए_सदाशिव
आता वसुली. तुमच्याकडे दोन दोऱ्या आहेत आणि दोन्ही ओढायची वेळ आत्ता आहे.

पहिली जीएसटीची. तुमच्या बिलावरचं इनपुट क्रेडिट त्यांनी घेतलं असणार. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्यांना व्याजासकट उलटवावं लागतं. तुमची बिलं १ तारखेची असतील तर १ एप्रिलचं २८ सप्टेंबरलाच १८० दिवसांचं झालं. १ मेचं २८ ऑक्टोबरला होईल. त्यांच्या अकाउंट्समध्ये हे कोणीतरी बघतंच, ऑडिटर विचारतो. तुमच्या मेलमध्ये तारखा लिहून पाठवा, भाषा गोड ठेवा.

दुसरी सूक्ष्म-लघु उद्योगाची. तुम्ही त्यात बसता आणि उद्यम नोंदणी आहे, तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च त्यांना त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. शिवाय बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. न दिलं तर ऑनलाइन तक्रार, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. उद्यम नोंदणी बिलांच्या आधीची आहे ना? त्यावरच सगळं अडतं.

भोसरी_ते_बाणेर
उद्यम आहे, गेल्या वर्षीचं. पण तक्रार केली तर नातं तुटेल ना, ईआरपी फसली तर परत येतील अशी आशा आहे.

अनघा_क
ज्या नऊ युनिटनी एक पैसा दिला नाही त्यांच्याशी कसलं नातं. पण तक्रार शेवटची, ते बरोबर आहे. आधी एंट्री झालेली दोन युनिट सोडवून घ्या. दोन युनिटचे म्हणजे महिन्याला १६ हजार, सहा महिन्यांचे ९६, वर जीएसटी. एक लाख तेरा हजार येतील हे मी धरून चालेन. बाकीच्या चार लाखांवर ते म्हणणार की पायलट होता, वापरलंच नाही. लेखी हरकत कधी आली होती का त्यांची?

भोसरी_ते_बाणेर
नाही. एकही मेल नाही.

सीए_सदाशिव
मग चांगलं आहे. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कायद्यात धरतात. पण "सेवा दिली" हे तुम्हाला दाखवता यायला हवं. ट्रेनिंगच्या दिवशीची सही, लॉगिन दिल्याचा मेल, काय असेल ते काढून ठेवा. आणि एक कटू गोष्ट, पैसे बुडालेच तरी भरलेला जीएसटी परत मिळत नाही. ग्राहकाने पैसे दिले नाहीत हे काही क्रेडिट नोट काढायचं कारण नाही. म्हणजे सात युनिटचे साधारण ६० हजार सरकारजमा झाले ते झाले.

मिसळप्रेमी
६० हजारात किती मिसळ येते याचा हिशोब करत होतो, नको, वाईट वाटतंय.

सुनीता_वाचते
मला आत्ता कळलं हे काय चाललंय. माझ्या मुलाने पण कोणाच्या तरी स्टार्टअपमध्ये २ लाख घातलेत, त्याला विचारते जमा किती झाले ते येतं का म्हणून. रच्याकने, तुमची मावशी भारी आहे.

चाकणचा_पाहुणा
परत मूळ प्रश्नाकडे. मदतीची ओळ कोणी बघितलीच नाही. "ऑटो कंपोनंट क्षेत्रात ओळखी असतील तर कळवा" याला कोणी उत्तर देत नाही. मी स्वतः दहा जणांचे असे मेल बघितलेत. वाचणारा म्हणतो हो हो, बघतो, आणि विसरतो.

निवृत्त_पण_जागा
बरोबर. मला सांगा कोणाशी ओळख हवी, त्या माणसाचा हुद्दा, कशासाठी, आणि मी जसाच्या तसा पुढे पाठवू शकेन अशा चार ओळी खाली जोडून द्या. माझ्या ओळखीचा एक जण त्या लायनीत आहे, पण मी तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते माझ्या शब्दांत लिहायला बसलो तर रविवार उजाडेल आणि तेव्हाही राहील. आणि एका अपडेटमध्ये दोनच मागण्या. पाच मागितल्या की मी सगळ्यात सोपी निवडतो, जी बहुतेक वेळा लिंक्डइनवर लाइक करणं असते.

भोसरी_ते_बाणेर
मंडळी, कालपासून चाकणला होतो. अनघाताई बरोबर निघाल्या, सर्व्हिस एंट्री फक्त चाकणच्या युनिटची झालीय, तीही चार महिन्यांची. पिरंगुटच्या स्टोअर इनचार्जने माझ्यासमोर बसून सहा महिन्यांच्या एंट्र्या मारल्या, म्हणाला मला कोणी सांगितलंच नव्हतं मारायच्या असतात. बाकी सात युनिटवाले वरच्या साहेबाकडे बोट दाखवतायत. सुधारलेला मसुदा खाली देतो:

"सप्टेंबर अपडेट. बँकेत ४१ लाख, त्यातले १.६ लाख टॅक्स आणि पीएफचे, म्हणजे आपले ३९.४. महिन्याला निव्वळ ५.४ जातात, सव्वासात महिने. यात खालची थकबाकी धरलेली नाही.

एप्रिलमध्ये लागलेला ९ युनिटचा ग्रुप सप्टेंबरअखेर गेला. त्याने एकही बिल भरलेलं नाही, ५.१ लाख येणं आहे. मागच्या पाच अपडेटमधल्या एमआरआरमध्ये त्याचे ७२ हजार धरलेले होते. ते काढले तर मार्च २.४४, ऑगस्ट २.४८, सप्टेंबर २.५५ लाख. म्हणजे सहा महिने वाढ जवळपास नाही. इथून पुढे एमआरआरच्या शेजारी प्रत्यक्ष जमा रक्कम देईन, सप्टेंबरची २.४० लाख.

सप्टेंबरमध्ये ३ छोटे नवे, मिळून १५ हजार. २ छोटे गेले, ८ हजार. एकाचं वर्कशॉप बंद झालं, दुसऱ्याच्या अकाउंटंटला एक्सेलच बरं वाटतं.

ऑक्टोबरमध्ये एकच काम आधी, वसुली. दोन युनिटचे जास्तीत जास्त १.१३ लाख महिनाअखेर अपेक्षित. उरलेल्या ४ लाखांचं काय होतं ते पुढच्या अपडेटमध्ये. नव्या ग्राहकाला आता ट्रेनिंगच्याच दिवशी पहिली सर्व्हिस एंट्री करून घेणार, आणि तीनपेक्षा जास्त युनिट असतील तर एकावेळी एकच युनिट सुरू करणार.

मदत दोन. एक, या ग्रुपच्या फायनान्स हेडपर्यंत कोणाची ओळख असेल तर एक फोन, ग्रुपचं नाव फोनवर सांगतो. दोन, प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट करणाऱ्या युनिटच्या मालकांशी ओळख, २० ते ६० कामगारांची युनिट, पुढे पाठवायच्या चार ओळी खाली आहेत."

अनघा_क
छान. ट्रेनिंगच्या दिवशी एंट्री हे मस्त. फक्त पिरंगुटवाल्याने मारलेल्या एंट्र्या मागच्या तारखेच्या आहेत, त्यांच्या फायनान्सने अडवल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. आणि चाकणच्या उरलेल्या दोन महिन्यांसाठी परत जावं लागेल. "अपेक्षित" आहे ते ठीक, पण रनवेत धरलं नाहीत ते उत्तम.

चाकणचा_पाहुणा
प्लेटिंगवाले का? तुमचे ग्राहक तर सीएनसीवाले ना?

भोसरी_ते_बाणेर
माल अडकतो तो प्लेटिंगवाल्याकडेच. त्याच्याकडे एका वेळी पंचवीस वर्कशॉपचे क्रेट पडलेले असतात, चॉकने नाव लिहिलेलं, ते पुसलं की कोणाचे पीस कोणाला जातात. तो वापरायला लागला तर ते पंचवीस जण आपोआप विचारतात हे काय आहे. सप्टेंबरमधले तीनपैकी दोन असेच आलेत.

निवृत्त_पण_जागा
अहो मग हे अपडेटमध्ये लिहा की! सगळ्या मेलमधली हीच एक गोष्ट मला पुढे पैसे द्यायला लावेल आणि ती तुम्ही इथे उत्तरात सांगताय. एक परिच्छेद, कुठल्या भागातला प्लेटिंगवाला, त्याच्याकडून दोन कसे आले.

सीए_सदाशिव
मी एक ओळ कमी करायला सांगेन. मागच्या पाच महिन्यांचे आकडे असे एमआरआर म्हणून बदलू नका, कारण पुस्तकात ते बिल आहेच आणि उद्या कोणी तुमचा ताळेबंद आणि हा मेल शेजारी ठेवला तर तिसराच गोंधळ. जमा रकमेचा रकाना मार्चपासून द्या, एमआरआर होता तसा ठेवा. वाचणारा स्वतः बघेल.

निवृत्त_पण_जागा
इथे मी असहमत. वाचणारा स्वतः बघत नाही, वाचणारा मी आहे आणि मी चहा पीत असतो. सरळ लिहा की हे धरायला नको होतं.

सीए_सदाशिव
मग दोन्ही द्या आणि फरक कशाचा ते एका वाक्यात. पण बदललेल्या आकड्याला एमआरआर म्हणू नका, "पैसे देणाऱ्या ग्राहकांचा एमआरआर" म्हणा आणि पुढे कायम तोच ठेवा.

ढोकळा_नको_वडा_हवा
तुम्ही दोघं भांडा, तोपर्यंत त्याने तीन फोन करून टाकावेत.

भोसरी_ते_बाणेर
दोन झाले. जुने साहेब अर्धा तास बोलले, त्यातली वीस मिनिटं सर्व्हिस एंट्री मी कशी विसरलो यावर. पण ग्रुपच्या फायनान्स हेडला ते ओळखतात, सोमवारी बोलतो म्हणाले. दुसऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि एप्रिलपासूनचं बँक स्टेटमेंट मागितलं. तिसरी मावशी, तिला घरी जाऊनच सांगतो. दोन्ही रकाने देतोय मेलमध्ये.

खडकवासला
बीसीसीत पाठवा सगळ्यांना. आणि त्या प्लेटिंगवाल्याचं नाव लिहू नका.

चाकणचा_पाहुणा
हीट ट्रीटमेंटचे एक जण माझ्या ओळखीचे आहेत, कुरळीला. कामगार ३५-४० असतील. त्या चार ओळी व्यनि करा, आजच पाठवतो.